मॉर्फिन : वेदना आणि श्वास

संपादक महोदय,
कर्करोगाच्या रुग्णाला मॉर्फिन लिहून दिले की घरचे घाबरतात. त्या भीतीमागचे कारण नीट कळले, तर औषधही नीट देता येते.

नीमच-मंदसौर भागात अफूच्या हिरव्या बोंडांना चिरा देतात. त्यातून पाझरणाऱ्या चिकात मॉर्फिन असते. शरीराची स्वतःची वेदनाशामके, म्हणजे एंडॉर्फिन्स, पेशींवरील ज्या ‘म्यू’ ग्राहींना चिकटतात, त्यांनाच ते चिकटते. मज्जारज्जूत त्यामुळे वेदनेचा संदेश पुढे सरकत नाही. पण हेच ग्राही मस्तिष्कस्तंभातील श्वासकेंद्रातही आहेत. तिथे मॉर्फिन पोचले की रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढूनही श्वास घ्यायची निकड मंदावते.

डॉक्टरांनी बेताबेताने वाढवलेल्या मात्रेत हा धोका कमी असतो. मूत्रपिंडे थकली असतील, तर मात्र नेहमीचीच मात्रा अंगात साचत जाते. आधी गुंगी वाढते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. रुग्ण हाकेला उठेनासा झाला आणि श्वास मिनिटाला आठच्या खाली गेले, तर पुढची मात्रा न देता तातडीने रुग्णालय गाठावे. तिथे दिलेले नॅलोक्सोन हे औषध मॉर्फिनला ग्राहींवरून हटवते, पण नॅलोक्सोनचा असर मॉर्फिनच्या आधी ओसरतो; म्हणून श्वास सुधारल्यावरही रुग्णाला लगेच घरी नेण्याची घाई करू नये.

– एक परिचारिका, सांगली