सावलीवरून दिलेल्या वाचनयादीबद्दल, सरांना

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

पत्र तुम्हाला लिहितोय, पण उघड लिहितोय. बेळगाव-खानापूर भागात माझ्यासारखे रविवारी रंगपेटी घेऊन बसणारे बरेच जण आहेत आणि त्यांनाही तुमची यादी उपयोगी पडेल. तुम्ही काही ती आपणहून कुणाला सांगत फिरणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे.

मी तुमच्याकडे आलो होतो तो ‘कलेचा इतिहास वाचायचाय, सोपं काहीतरी सांगा’ असं म्हणत. तुम्ही उलट विचारलंत, "चित्र काढताना तुला काय अडतं?" मी म्हटलं, सावली. येळ्ळूरचा राजहंसगड रंगवला की भिंतीवरच्या सावल्या काळ्याकुट्ट आणि मेलेल्या दिसतात. आणि आपल्या जुन्या लघुचित्रांत तर सावलीच नसते, तरी ती चित्रं जिवंत वाटतात. हे कसं? मग तुम्ही कालक्रम बाजूला ठेवलात आणि या एका प्रश्नाभोवती यादी बांधलीत. म्हणूनच ती माझ्याकडून वाचून होतेय. आदिमानवाच्या गुहेपासून सुरुवात केली असती, तर दुसऱ्या आठवड्यातच पुस्तक कपाटात गेलं असतं.

पहिलं पुस्तक गॉम्ब्रिखचं, ‘द स्टोरी ऑफ आर्ट’, 1950 सालचं. जाडी बघूनच मी दचकलो होतो. तुम्ही म्हणालात, सगळं वाचायचं नाही. इजिप्त, पंधराव्या शतकाची सुरुवात आणि एकोणिसाव्या शतकाचा शेवट, एवढंच वाच. या माणसाने जमेल तोवर ज्या चित्राबद्दल बोलायचं ते पुस्तकात छापायचंच, असा नियम स्वतःला घालून घेतला होता. माझं इंग्रजी बेतास बात आहे, त्यामुळे याचा फार फायदा झाला. आधी चित्र नीट बघायचं, मग परिच्छेद वाचायचा. अडलेला शब्द बऱ्याचदा चित्रच सांगतं. इजिप्तच्या थडग्यातलं बागेचं चित्र बघा. तळं वरून पाहिल्यासारखं, आणि भोवतीची झाडं मात्र बाजूने पाहिल्यासारखी. चित्रकाराला एका जागी उभं राहून दिसेल ते काढायचं नव्हतं, प्रत्येक वस्तू तिच्या पुऱ्या ओळखीनिशी दाखवायची होती. अशा चित्रात सावलीला काम काय?

दुसरं पुस्तक त्याच लेखकाचं, पण अगदी बारकं: ‘शॅडोज’, 1995 साली लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या प्रदर्शनासाठी लिहिलेलं. मला वाटायचं, पाश्चात्त्य चित्रकार पहिल्यापासून सावल्या रंगवत आले आणि आपले लोक मागे राहिले. प्रत्यक्षात युरोपातही जमिनीवर पडणारी सावली पुष्कळ चित्रकारांनी समजून-उमजून टाळली किंवा पुसट ठेवली. लिओनार्दोला तर कडक उन्हातल्या कापल्यासारख्या सावल्या आवडतच नसत. त्याचा सल्ला मऊ, झाकोळलेल्या उजेडाचा.

आणि जिथे सावली रंगवली, तिथे तिला काम होतं. तुम्ही मासाच्चोचं फ्लॉरेन्सच्या ब्रांकाच्ची चॅपेलमधलं भित्तिचित्र दाखवलंत, 1420 नंतरच्या दशकातलं. संत पीटर रस्त्याने चाललाय, त्याचं लक्ष समोर आहे. बाजूला भिंतीकडेला आजारी माणसं आहेत आणि त्याची नुसती सावली अंगावरून गेली की ती बरी होतात. एक जण उठून उभा राहिलाय, आणि पाय वाळलेला एक अजून जमिनीवरच आहे. इथे सावली काढून टाकली तर गोष्टच उरत नाही. शिवाय उजेड कुठल्या बाजूने येतो? चॅपेलच्या खऱ्या खिडकीच्या बाजूने. मी घरी येऊन माझं राजहंसगडाचं चित्र बाहेर काढलं आणि प्रत्येक सावलीला विचारलं, तू इथे कशाला? निम्म्या सावल्यांना उत्तर नव्हतं.

तिसरं पुस्तक बी. एन. गोस्वामींचं, ‘द स्पिरिट ऑफ इंडियन पेंटिंग’. 1100 ते 1900 या काळातली 101 चित्रं आणि प्रत्येकावर छोटं टिपण. सुरुवातीचा लांब लेख मी तुमच्या सांगण्यावरून शेवटी वाचायला ठेवलाय. तो आधी वाचला असता तर दमलो असतो. रोज रात्री एक चित्र, एवढाच रतीब ठेवला.

या पुस्तकाबरोबर तुम्ही शेजारच्या विजापूरची आठवण करून दिलीत. आपण गोलघुमट बघून, आवाज घुमवून परत येतो. पण दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात (1580 ते 1627) तिथे काय चित्रं झाली ते बघत नाही, कारण ती आता जगभर पांगलेली आहेत. डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयातली मैनेशी बोलणारी योगिनी मी स्क्रीनवर मोठी करून पाहिली. मागे टेकडीवर महाल, शेजारी अवाढव्य फुलं, आणि पायाखाली सावली नाही. सावली आली की चित्र दिवसाच्या एका घटकेला आणि उजेडाच्या एका दिशेला बांधलं जातं, शिवाय सावलीतलं सगळं बुडतं. हातात धरून जवळून बघायच्या कागदावर ते कुणाला परवडेल? रात्रीच्या प्रसंगातसुद्धा वर चांदण्या, खाली दिवा, आणि चेहरे मात्र स्वच्छ दिसतात. अर्थात सगळं इतकं सरळ नाही. युरोपातली छापील चित्रं मुघल दरबारात पोचल्यावर तिथल्या चित्रकारांनी गोलाई आणि दिव्याचा उजेड उचललाच.

बर्जरचं ‘वेज ऑफ सीइंग’ (1972) तुम्ही चौथं ठेवलंत ते बरं केलंत. पातळ आहे, सात लेखांपैकी तीन तर नुसत्या चित्रांचे. पण त्याचा सगळा रोख चित्र कोणाच्या मालकीचं आणि कशासाठी, यावर. पटलं, पण हातातल्या कुंचल्याला त्यातून फारसं काही मिळालं नाही.

पुस्तकांपेक्षा जास्त शिकवलं ते तुमच्या एका प्रयोगाने. संध्याकाळी दिवेलागणीला, बाहेर थोडा उजेड असताना, खिडकीपाशी पांढरा कागद ठेवायचा, मेणबत्ती लावायची आणि मेणबत्ती व खिडकी यांच्या मध्ये पेन्सिल उभी धरायची. मेणबत्तीमुळे पडलेली सावली चक्क निळी दिसते! जर्मन कवी गटेने 1810 साली हे लिहून ठेवलंय. त्या सावलीत मेणबत्तीचा पिवळा उजेड पोचत नाही, फक्त आकाशाचा पोचतो, आणि भोवतीच्या पिवळ्यामुळे आपल्या डोळ्याला तो अधिकच निळा भासतो. उघड्यावरही तेच: उन्हाची सावली म्हणजे आकाशाच्या उजेडात न्हालेली जागा. इंप्रेशनिस्टांच्या जांभळ्या सावल्या मग एकदम समजल्या. ड्रॉइंगच्या परीक्षेसाठी घोटलेलं पेन्सिलीचं शेडिंग मी इतकी वर्षं रंगातही ओढत होतो. आता काळा रंग पेटीबाहेर काढलाय. अल्ट्रामरीनमध्ये जरा बर्न्ट सिएना घालतो, आणि खानापूरकडची तांबडी माती जवळ असेल तर सावलीच्या खालच्या कडेला तिची झाक देतो. ओला थर वाळायच्या आत दुसऱ्यांदा हात लावला की मात्र चिखल होतो, तो अजून होतोच.

‘शॅडोज’ परत द्यायला येत्या रविवारी येतो. गोस्वामी अजून महिनाभर राहू द्या, साठच चित्रं झालीत. आणि पुढचा प्रश्न आत्ताच सांगून ठेवतो: पावसाळ्यात आपल्याकडे आभाळ इतकं भरलेलं असतं की सावली पडतच नाही. मग भाताच्या खाचरात खोली कशी आणायची? त्यावर काय वाचू?

तुमचा,
रविवारचा विद्यार्थी