खिचडीच्या कॅलरी मोजायच्या तर साबुदाणा कोरा तोला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एकादशीच्या आदल्या दिवशी आपल्या पुरवणीत उपवासाच्या पदार्थांची माहिती वाचली. त्यात खिचडीच्या कॅलरी 'एक प्लेट' या मापाने दिल्या आहेत. प्लेट केवढी, हे लिहिलेले नाही. आमच्याकडच्या प्लेटा पाहिल्या तर तो आकडा काहीही असू शकतो! म्हणून घरातल्या खिचडीचा हिशेब मी स्वतःच मांडला.

आम्ही तिघे. रात्री भिजत घालण्याआधी साबुदाणा तोलला, तो भरला २५० ग्रॅम. शंभर ग्रॅमला ३५० धरले की ८७५ कॅलरी होतात. दाण्याचे कूट १०० ग्रॅम, त्याच्या ५७०. सोललेला बटाटा २०० ग्रॅम, त्याच्या जेमतेम १५०. साखर दोन चमचे, ४०. तुपाची बरणी फोडणीआधी तोलून ठेवली होती. सौ. म्हणाल्या, "दोनच चमचे घातलंय." बरणी मात्र ४५ ग्रॅमने हलकी झाली होती, म्हणजे ४०५ कॅलरी. मीठ, जिरे, मिरची सोडून द्या. एकूण झाले २०४०. कढईतली तयार खिचडी ७८० ग्रॅम भरली. तिघांनी सारखी वाटून घेतली तर प्रत्येकाला २६० ग्रॅम, म्हणजे ६८० कॅलरी.

पहिल्या खेपेला मी चुकलो होतो, तेही सांगतो. सकाळी भिजलेला साबुदाणा तोलला, तो ४५० ग्रॅम होता आणि त्यालाच ३५०चा दर लावला. त्यामुळे बेरीज सातशेने फुगली. तयार खिचडीच्या शंभर ग्रॅमला ३५० कॅलरी येऊ लागल्या, तेव्हा चूक ध्यानात आली. एवढे पाणी प्यालेला पदार्थ कोऱ्या साबुदाण्याइतका भारी कसा असेल? तक्त्यातला दर कोऱ्या साबुदाण्याचा असतो. रात्रभर मुरलेल्या पाण्याला कॅलरी नसतात.

आता बटाट्याचे. उपवासाला वजन वाढू नये म्हणून आमच्या शेजारणीने खिचडीतला बटाटा बंद केला. कूट आणि तूप मात्र सढळ. वरच्या हिशेबात कूट आणि तूप मिळून १४५ ग्रॅमच आहे, पण जवळजवळ निम्म्या कॅलरी त्यांच्याच. बटाटा निम्मा केला तर पानामागे २५ कॅलरी वाचतात, पानामागे पाच ग्रॅम तूप कमी केले तर ४५. (कुटात हात आखडावा असे मी म्हणत नाही. त्या खिचडीत प्रथिने म्हणावीत तर ती दाण्यांचीच, आणि कुटाशिवाय ती गिचका होते ते वेगळेच.)

हे आकडे तक्त्यांतल्या सरासरीवर काढलेले असल्याने पन्नासएक कॅलरी इकडेतिकडे होतील. तरीही साठ-साठ ग्रॅम पिठाच्या दोन ज्वारीच्या भाकरी चारशेच्या आसपास येतात, हे शेजारी ठेवून पाहावे.

पुढच्या वेळी पाककृती छापताना कोऱ्या जिनसांची वजने आणि तयार पदार्थाचे वजन दोन्ही द्यावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक, विश्रामबाग, सांगली