एसीच्या पेट्या दोन, बिलावर नंबर एकच: ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री यांस,

सविनय नमस्कार.

परवा सर्व्हिस सेंटरकडून मेसेज आला: सीरियल नंबर बिलाशी जुळत नाही, क्लेम नामंजूर. आमच्या घरच्या स्प्लिट एसीचा कॉम्प्रेसर बंद पडलाय. कॉम्प्रेसरवर दहा वर्षांची वॉरंटी आहे आणि एसी घेऊन चारच वर्षं झाली आहेत. पक्कं बिल माझ्याकडे आहे. त्यावर दुकानाचा शिक्का, तारीख, जीएसटी, मॉडेल नंबर आणि सीरियल नंबरसुद्धा आहे. तरीही क्लेम नाकारला, म्हणून हे पत्र.

घोळ कुठे झाला ते सांगतो, कारण तो फक्त माझ्या बिलातला नाही. स्प्लिट एसी दोन खोक्यांतून येतो. भिंतीवरचं इनडोअर युनिट एका खोक्यात आणि बाहेर लागणारं आउटडोअर दुसऱ्या. दोन्हींवर वेगवेगळी पाटी असते, वेगवेगळा सीरियल नंबर असतो. कॉम्प्रेसर असतो आउटडोअरमध्ये. दुकानदार बिल करताना हाताशी असलेल्या एकाच खोक्यावरचा बारकोड स्कॅन करतो. माझ्या बिलावर आला तो इनडोअरचा नंबर. वर्षभर तो कुणाला खटकला नाही, कारण पहिल्या वर्षी पूर्ण मशीनची वॉरंटी असते आणि टेक्निशियन आतल्या पाटीचा फोटो काढून निघून जातो. कॉम्प्रेसर गेल्यावर त्याने बाहेरच्या पाटीचा फोटो ॲपवर चढवला. ॲपने तो बिलावरच्या नंबराशी ताडला आणि उत्तर आलं की हे आउटडोअर या बिलावर विकलेलंच नाही.

म्हणजे मी इनडोअर एकाकडून घेतलं आणि आउटडोअर कुठून तरी उचलून आणलं, असा आरोप माझ्यावर आहे. नुसतं इनडोअर घेऊन माणूस करणार काय?

कंपनीचं म्हणणं, दुकानदाराकडून दोन्ही नंबर घातलेलं दुरुस्त बिल आणा. दुकानदाराचं म्हणणं, सॉफ्टवेअर बदललं, जुनी बिलं निघत नाहीत. मंत्रिमहोदय, जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे व्यापाऱ्याने आपले हिशेब आणि बिलं वार्षिक विवरणाच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवायची असतात. कर अधिकाऱ्याने मागितलं असतं तर हेच बिल तासाभरात निघालं असतं. ग्राहकाने मागितलं की निघत नाही, कारण ग्राहकाला नाही म्हटल्याने कुणाला दंड होत नाही. आणि ७२ महिने पाळले तरी हिशेब बसत नाही. सरकारच्या मुदतीत बिल साधारण सात वर्षं टिकतं, वॉरंटी दहा वर्षांची. शेवटची वर्षं पुरावा सांभाळायचा तो एकट्या ग्राहकाने.

तोही कशावर? पुष्कळ दुकानं थर्मल कागदावर बिल देतात. त्यात शाई नसते. कागदावरचा लेप उष्णतेने काळा पडतो आणि अक्षरं उमटतात. उन्हाने, गरम कपाटाने, प्लास्टिकच्या पाकिटाने तीच अक्षरं उडतात. जपायचं म्हणून गरम लॅमिनेशन केलं तर अख्खा कागद काळा होतो. असं बिल हातात आल्याबरोबर फोटो काढून ठेवा, एवढं तरी कुणी ग्राहकाला सांगतं का?

आता तुमच्या खात्याबद्दल. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ सांगतो की बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. त्याखालच्या २०२० च्या सर्वसाधारण नियमांत बिलावर काय असावं याची यादी आहे: विक्रेत्याचं नाव-पत्ता, तारीख, ग्राहकाचं नाव, वस्तूचं वर्णन, संख्या, कर. त्या यादीत अनुक्रमांक आहे, पण तो बिलाचा. विकलेल्या वस्तूचा सीरियल नंबर नाही. वॉरंटी किती, कुठल्या भागावर, कधी संपते, हेही नाही. जीएसटीच्या नियम ४६ मध्येही तेच. म्हणजे ज्या नंबरावर माझा क्लेम उडवला, तो बिलावर लिहिण्याची सक्ती दुकानदारावर नाहीच. लिहिण्याचं बंधन कुणावर नाही, पण नसल्याची शिक्षा मला.

हे अवघड आहे असं म्हणू नका. व्यापाऱ्यांनी एकमेकांना द्यायच्या ई-इन्व्हॉइसच्या सरकारी नमुन्यात PrdSlNo नावाचा रकाना आहे, प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर टाकण्यासाठी. तो ऐच्छिक आहे. ई-इन्व्हॉइस वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर असलेल्यांना बंधनकारक आहे, आणि घरगुती ग्राहकाच्या बिलाला ते लागूच नाही. कराचा रुपया सुटू नये म्हणून प्रत्येक ई-इन्व्हॉइसला ६४ अक्षरी ओळख क्रमांक दिला. माझ्या कॉम्प्रेसरला बिलावर एक ओळ मिळाली नाही.

चीड कशाची येते सांगू? आउटडोअरच्या पाटीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेलं आहे. बिल नसेल तर कंपन्या वॉरंटी उत्पादनाच्या तारखेपासून मोजतात, हा या धंद्यातला सर्रास रिवाज आहे. तशी मोजली तरी माझा कॉम्प्रेसर दहा वर्षांच्या आत सहज बसतो. दोन्ही खोकी एकाच दिवशी एकाच दुकानाला गेली, हे कंपनीला तिच्याच गोदामाच्या नोंदीतून कळू शकतं. मग बिल कशाला हवं होतं? नाकारायला. पुरावा म्हणून मागितलेला कागद अडवणुकीचं हत्यार झाला आहे. क्लेम मंजूर झाला असता तरी गॅस, मजुरी आणि येण्या-जाण्याचा आकार माझ्याच खिशातून जाणार होता. वॉरंटीच्या बारीक अक्षरांत तसं लिहिलंय, आणि ते मी भरायला तयार होतो.

माझ्या वडिलांना दम्याचा त्रास आहे. डॉक्टरांनी खोली बंद आणि थंड ठेवायला सांगितली आहे. रात्री ते उशीला टेकून बसून काढतात आणि मी शेजारी फोनवर कस्टमर केअरचं संगीत ऐकत असतो. आउटडोअर चोरून आणलेलं नाही हे सिद्ध करण्यात त्यांचा उन्हाळा चालला आहे. एवढं होऊन मला ऐकवतात, ग्राहक आयोगात जा. जाईन. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, हे मला माहीत आहे. पण तिथे पुरावा म्हणून मी काय लावणार? तेच एका नंबराचं बिल.

आमच्या इमारतीत शेजाऱ्यांची बिलं काढून बघितली. एसीच्या निम्म्याहून जास्त बिलांवर एकच सीरियल नंबर आहे, काहींवर तोही नाही. या सगळ्यांचे कॉम्प्रेसर अजून चालू आहेत, म्हणून ती माणसं शांत आहेत. एसी आजच बसवून घेणाऱ्यांना मी सांगत सुटलोय: टेक्निशियन जायच्या आधी दोन्ही पाट्यांचे फोटो काढा, दोन्ही नंबर बिलावर लिहून दुकानदाराची सही-शिक्का घ्या, आणि कंपनीकडे नोंदणी करताना आउटडोअरचा नंबर टाकला गेलाय का ते स्वतः तपासा. हे सांगण्याचं काम माझं नव्हतं.

२०२० च्या नियमांत दुरुस्ती करा. वेगळी पाटी असलेल्या प्रत्येक युनिटचा सीरियल नंबर बिलावर हवा, आणि भागवार वॉरंटी कधी संपते त्याची तारीख हवी. वॉरंटी चालू असेपर्यंत बिलाची प्रत मागता क्षणी देणं विक्रेत्यावर बंधनकारक हवं. आणि उत्पादनाच्या तारखेवरूनच वस्तू मुदतीत बसत असेल, तर बिलातल्या नंबराच्या नावाखाली क्लेम नाकारण्यास मनाई हवी. पत्र संबंधित विभागाकडे पाठवल्याची पोच मला नको. दुरुस्तीचा मसुदा कधी निघणार, ती तारीख कळवा.

आपला,
एक ग्राहक