गठ्ठा सुटला पाहिजे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विषय : शैक्षणिक साहित्य आणि कार्यपत्रिका यांची ताटातूट

शैक्षणिक साहित्याच्या प्रदर्शनांच्या बातम्या आणि छायाचित्रे आपल्या दैनिकात येतात. ती मी आवर्जून पाहते. मी गावातल्या प्राथमिक शाळेत २२ वर्षे शिकवते आहे आणि त्यातली बरीच वर्षे दुसरीचा वर्ग माझ्याकडे आहे. या छायाचित्रांत एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा खटकते, म्हणून हे पत्र. दशकाचे गठ्ठे रंगवलेले असतात, फळीवर डिंकाने चिकटवलेले असतात, वर चमकीचा कागद असतो. असा चिकटवलेला गठ्ठा मोजायला उपयोगी पडेल, पण वजाबाकी शिकवायला तो निरुपयोगी आहे. दशक सुटा करणे हीच तर वजाबाकीतली अवघड पायरी, आणि तीच मुलाला हाताने करता येत नाही.

साधने गावात मिळतातच. मी तुरीच्या वाळलेल्या काड्या वापरते. बांबूच्या कामट्याही चालतात, पण त्यांची कूस बोटात जाते, म्हणून प्रत्येक तुकड्याची टोके दगडावर घासून घ्यावी लागतात. तुकडा साधारण १० सेंटिमीटरचा ठेवावा. याहून लहान काड्या मुठीतून निसटतात, आणि लांब काड्यांचे पाच गठ्ठे मांडले की दोन मुलांपुढची जागा संपते. दोघांत मिळून १०० काड्या पुरतात, म्हणजे २४ मुलांच्या वर्गाला १२००. आकडा मोठा वाटतो, पण तुकडे मुलेच करतात, दहा-दहा मोजून गठ्ठेही तीच बांधतात. हे काम मी घरून करून आणत नाही. ज्याने आपल्या हाताने दहा काड्या एकत्र बांधल्या, त्याला आत दहाच आहेत हे पुन्हा मोजून पाहावे लागत नाही.

बांधायला मी आधी सुतळी वापरली. ती चूक होती. सात वर्षांच्या मुलाला सुतळीची गाठ सुटत नाही. ते गाठ घेऊन माझ्याकडे येते, मी ती सोडते आणि दशक मोडण्याचे काम माझ्या हातून होते. आता सायकलची जुनी ट्यूब साबणाने धुऊन, वाळवून, कात्रीने आडवी कापते. चार-पाच मिलिमीटर रुंदीची कडी निघते. गठ्ठ्याला तिचे दोन वेढे बसतात आणि लहान बोटांनाही ती सहज काढता येते. साधा रबरबँड उन्हापावसात चिकट होऊन तुटतो. ही कडी मात्र जास्त टिकते.

बिया मोजायला सोप्या पडतात, चिंचोके तर फारच चांगले. पण त्यांचा गठ्ठा बांधता येत नाही, आणि डबीत घातले तर दहा डोळ्यांना दिसत नाहीत. एक गोष्ट मात्र प्रत्येक शिक्षकाला माहीत असायला हवी : गुंज, एरंड आणि मोगली एरंड यांच्या बिया वर्गात आणायच्याच नाहीत. त्या विषारी आहेत, आणि या वयाची मुले हातातली वस्तू तोंडात घालतात.

आता कार्यपत्रिकेकडे येते, कारण माझा खरा मुद्दा तिथे आहे.

काही वर्षांपूर्वी मी हातच्याची वजाबाकी शिकवून झाल्यावर फळ्यावर ५२ - २७ हे उदाहरण दिले. नऊ मुलांचे उत्तर ३५ आले. उत्तर एकच, म्हणून चूकही एकच असे समजून मी सगळ्यांना पुन्हा तेच सांगितले. फरक पडला नाही. मग त्यांतल्या एका मुलीला जवळ बसवले आणि विचारले, ‘हे कसं केलंस, बाळा, मोठ्यानं सांग.’ ती म्हणाली, ‘सातातून दोन गेले पाच. पाचातून दोन गेले तीन.’ म्हणजे लहानातून मोठा जात नाही, म्हणून तिने आकडे उलटे केले होते. तिच्या शेजारच्या मुलाचेही उत्तर ३५. तो म्हणाला, ‘बारातून सात गेले पाच. पाचातून दोन गेले तीन.’ याने दशक सुटा केला होता, एककही बरोबर काढला होता. फक्त दशकाच्या घरातला एक कमी करायचा राहिला होता.

दोन मुले, दोन अगदी वेगळ्या चुका आणि उत्तर मात्र एक. दोष माझ्या उदाहरणात होता. वजाबाकीत दशक सुटा करावा लागतो आणि एककांच्या आकड्यांत पाचाचा फरक असतो, तेव्हा सात वजा दोन केले तरी पाच येतात आणि बारा वजा सात केले तरी पाच येतात. म्हणून असे उदाहरण कार्यपत्रिकेवर असू नये. त्याऐवजी ५३ - २७ घ्या. बरोबर उत्तर २६. आकडे उलटे करणाऱ्याचे ३४ येईल आणि दशक कमी करायला विसरणाऱ्याचे ३६. वही हातात घेताच कोणाचे काय चुकले ते कळते. ५२ - २७ मध्ये मराठी मुलांसाठी आणखी एक अडचण आहे. आपण बावन्न म्हणताना दोन आधी उच्चारतो आणि पन्नास नंतर, त्यामुळे ऐकून लिहिताना काही मुले ५२ च्या जागी २५ लिहितात. या उदाहरणाचे उत्तर नेमके २५ आहे. मुलाने वजाबाकी केली की पहिली संख्याच उलटी लिहून ठेवली, हे वहीवरून सांगता येत नाही.

त्या दोघांपुढे मी नंतर काड्या ठेवल्या. मुलीने पाच गठ्ठे आणि दोन सुट्या मांडल्या. सत्तावीस काढायच्या म्हणून दोन गठ्ठे सहज उचलले. मग सात सुट्या घ्यायला हात पुढे गेला आणि तिथेच थांबला. काड्या दोनच होत्या. काड्यांत साताला वर आणि दोनाला खाली करता येत नाही. ती बराच वेळ बघत राहिली. मी काही बोलले नाही. मग तिने स्वतःच एका गठ्ठ्याची कडी काढली. मुलाला मात्र काड्यांमध्ये काहीच अडचण आली नाही, कारण गठ्ठा मोडला की तो डोळ्यांदेखत कमी होतो. त्याची चूक फक्त कागदावरची होती. म्हणजे मुलीला काड्यांचा सराव हवा होता आणि मुलाला लिहिण्याचा. मी दोघांना एकच उपाय करत बसले होते.

माझी कार्यपत्रिका तेव्हापासून बदलली. तिला छपाई लागत नाही. एका बाजूने कोरा असलेला, वहीच्या दोन पानांएवढा कागद तीन वेळा अर्ध्यात घडी घालायचा. उलगडला की पट्टीशिवाय आठ चौकोन मिळतात. एकात नाव आणि तारीख, सहांत फळ्यावरची उदाहरणे, आठव्यात मुलाने स्वतः तयार केलेले उदाहरण. प्रत्येक चौकोनात वर एक प्रश्न असतो : गठ्ठा सोडावा लागेल का? हो किंवा नाही हे उदाहरण करण्याआधी लिहायचे. खाली दशक आणि एकक अशी दोन घरे. गठ्ठ्यासाठी उभी रेघ, सुट्या काडीसाठी ठिपका. सोडलेल्या गठ्ठ्याच्या रेघेवर काट मारायची आणि एककाच्या घरात दहा ठिपके काढायचे. मग शेजारी आकड्यांत मांडणी.

सहा उदाहरणे मी अशी देते : ५३ - २७, ६८ - २५, ७१ - ३४, ४६ - १२, ८२ - ३८ आणि ६० - २४. यांतल्या दोनांत गठ्ठा सोडावाच लागत नाही, आणि ती मुद्दाम मध्ये घातलेली आहेत. सगळ्या पानावर हातच्याचीच वजाबाकी असेल तर मुले विचार न करता प्रत्येक वेळी दशक मोडतात. शेवटचे उदाहरण शून्याचे. त्याचे उत्तर ३६. कुणी ४० लिहिले, तर ‘शून्यातून चार जात नाहीत म्हणून शून्यच’ असे त्याने मानले आहे. ४४ लिहिले तर आकडे उलटे केले. ४६ लिहिले तर दशक कमी केला नाही. तिन्ही मुलांना वेगवेगळे शिकवावे लागते.

काड्यांच्याही मर्यादा आहेत. एखादा गठ्ठा नऊ काड्यांचा निघाला की मुलाचे हात बरोबर चालूनही उत्तर चुकते, आणि मग त्याचा स्वतःवरचा भरवसा जातो. म्हणून दर सोमवारी गठ्ठे मोजून घेणे हे एका जोडीचे काम असते. डब्याच्या तळाशी पिठासारखी भुकटी दिसली की काड्यांना कीड लागली समजावे. त्या काढून टाकाव्यात आणि बाकीच्या कडक उन्हात वाळवाव्यात. तीन अंकी संख्यांना काड्या पुरत नाहीत. दहा गठ्ठ्यांचा एक मोठा भारा बांधून शंभर किती ते एकदा दाखवावे, पुढे कागदाच्या पट्ट्या घ्याव्यात. आणि एखादे मूल महिन्यानंतरही गठ्ठ्यातल्या काड्या एक, दोन, तीन अशी मोजू लागले, तर त्याला वजाबाकी देऊच नये. त्याच्या मनात दशक अजून तयार झालेला नाही; त्याला पुन्हा बांधायलाच बसवावे.

ज्याला जमते त्याच्या काड्या मी कापडाखाली झाकते आणि म्हणते, आता न बघता सांग, कापडाखाली किती गठ्ठे राहिले? तो सांगू शकला की त्या दिवशी त्याला चित्राविना, नुसत्या आकड्यांचा कागद देते. चुकला तर कापड बाजूला करून तोच पाहतो.

आपल्याकडे एक विनंती आहे. प्रदर्शनाची बातमी देताना साहित्याच्या छायाचित्राबरोबर त्या साहित्यावरची एक सोडवलेली कार्यपत्रिकाही छापावी, शक्यतो मुलाने चुकवलेली, मुलाचे नाव झाकून. परीक्षकांनाही माझे हेच सांगणे आहे : गठ्ठा हातात घ्या आणि तो सुटतो का ते बघा. आपल्या बालपुरवणीत गणिताची कोडी येतात. त्यांत वजाबाकी देताना एककांत पाचाचा फरक तेवढा टाळावा, म्हणजे आमच्यासारख्यांना ते पान वर्गात तसेच वापरता येईल.

आपली नम्र,
एक प्राथमिक शिक्षिका