दुसऱ्याच्या चॅनलमुळे आमची दोन चॅनल बंद केल्याबाबत तक्रार

कोल्हापूर
दि. 24 नोव्हेंबर 2025

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
(व्हिडिओ सेवा विभाग)

विषय : ‘संलग्न चॅनल’ या कारणावरून 11 नोव्हेंबरला बंद केलेल्या दोन चॅनलबाबत, आणि अपिलाच्या मुदतीबाबत.

महोदय,

माझं करवीर तालुक्यात गुऱ्हाळ आहे. काहिलीत रस उकळायला लागला की मळी कशी वर येते, भेंडीचं पाणी घातल्यावर ती कशी फाटते, गुळव्या पाक कधी उतरवतो, असले व्हिडिओ मी चार वर्षं आपल्याकडे टाकतो आहे. 212 व्हिडिओ झाले, 41 हजार लोक बघतात. गेल्या दोन हंगामांत आपल्याकडे जाहिरातीलाही पैसे मोजलेत, त्यामुळे मी आपला ग्राहकही आहे. वहिनींचं काकवीच्या आणि गुळाच्या पदार्थांचं एक छोटं चॅनल माझ्याच लॉगिनखाली होतं.

11 नोव्हेंबरला सकाळी सहाला चुलवाण पेटवून मोबाईल बघितला तर दोन्ही चॅनल गायब. मेलमध्ये एवढंच होतं की आपलं चॅनल बंद केलेल्या दुसऱ्या एका चॅनलशी संलग्न असल्याचं आढळलं आहे. ते ‘दुसरं’ कुठलं, हे शेवटपर्यंत लिहिलेलं नाही. माझ्या चॅनलवर आजवर नियमभंगाचा एकही स्ट्राईक नाही, साधी ताकीदसुद्धा नाही.

मग मीच शोध घेतला. आमचे व्हिडिओ कापून-जोडून चढवायला मी राजारामपुरीतल्या एका मुलाला 2024 पासून चॅनलवर ‘एडिटर’ची परवानगी दिली होती. पासवर्ड दिला नव्हता, आपल्या सेटिंगमधून रीतसर आमंत्रण पाठवलं होतं. त्या मुलाचं स्वतःचं क्रिकेटच्या गप्पांचं चॅनल होतं आणि त्याखाली त्यानं सट्ट्याच्या ॲपच्या लिंका टाकल्या होत्या. आधी ताकीद आली. मग 2 सप्टेंबरला पहिला स्ट्राईक, 29 सप्टेंबरला दुसरा आणि 8 नोव्हेंबरला तिसरा. आपल्या नियमात 90 दिवसांत तीन स्ट्राईक झाले की चॅनल बंद. पहिल्या स्ट्राईकची मुदत 1 डिसेंबरला संपायची होती, म्हणजे तेवीस दिवस आधीच तिसरा आला. लिंकवाला व्हिडिओ काढून टाकला की स्ट्राईकही जातो असं त्याला वाटत होतं. व्हिडिओ गेला तरी स्ट्राईक 90 दिवस राहतोच, हे त्याला मीच नंतर वाचून दाखवलं. चूक त्याची आहे, आणि मी त्याची बाजू घ्यायला हे पत्र लिहीत नाही.

आमचा धागा त्याच्याशी कुठं जुळला, याबद्दल माझा अंदाज असा. पहिल्या स्ट्राईकनंतर आठवडाभर आणि दुसऱ्यानंतर दोन आठवडे व्हिडिओ चढवता येत नाहीत. त्याची ही दुसरी बंदी 13 ऑक्टोबरपर्यंत होती. 4 ऑक्टोबरला त्यानं आमचा हंगामाच्या तयारीचा व्हिडिओ, चुलवाणाला माती लिंपतानाचा, स्वतःच्या लॉगिनमधून आमच्या चॅनलवर चढवला. बंदी असलेल्या माणसानं दुसऱ्या चॅनलवरून व्हिडिओ टाकणं म्हणजे बंदीला बगल देणं, असं आपला नियम म्हणतो. नियम बरोबरच आहे, नाहीतर प्रत्येक जण दुसरं चॅनल काढून तोच धंदा चालू ठेवेल. पण इथं चॅनल माझं, व्हिडिओ माझा, आवाज माझा. तो मजुरीनं काम करणारा, महिन्याला पैसे घेणारा. गुऱ्हाळावरच्या गड्याला त्याच्या गावात दंड झाला म्हणून कोणी माझ्या चुलवाणात पाणी ओतत नाही.

मी 13 नोव्हेंबरला अपील केलं. दुसऱ्याच दिवशी दोन ओळींत ‘निर्णय कायम’ असं आलं. आपल्या मदत केंद्राशी चॅटवर बोललो, तर उत्तर मिळालं की मूळ चॅनलच्या मालकानं अपील करावं, ते चॅनल परत आलं तर संलग्न चॅनलचा विचार होईल. म्हणजे माझ्या चॅनलचा निकाल आता त्या पोराच्या हातात! त्याला सट्ट्याच्या लिंकांचं समर्थन करता येत नाही, त्यामुळे तो अपील करणार नाही, आणि केलं तरी ते टिकणार नाही. मग माझ्यासाठी दार कुठलं?

मुदतीबाबतही आपल्या माणसांनी घोळ घातला. चॅटवरच्या एका ताईंनी मला 90 दिवस सांगितले. मी वाचलं त्याप्रमाणे 90 दिवस हे एकेका स्ट्राईकविरुद्ध दाद मागायचे आहेत, आणि पूर्ण चॅनल बंद झालं असेल तर अपिलाला बंद झाल्या तारखेपासून एक वर्ष मिळतं. त्या हिशेबानं माझी मुदत 11 नोव्हेंबर 2026 ला संपते. ताईंचं ऐकलं असतं तर 9 फेब्रुवारीला मी आशा सोडून बसलो असतो. एकदा फेटाळलेलं अपील नव्या पुराव्यासह याच वर्षात पुन्हा ऐकलं जातं की नाही, हे मला लेखी हवं आहे. कारण पहिलं अपील मी अंधारात केलं होतं. कुठल्या चॅनलशी जोडलंय हेच माहीत नसताना माणूस काय मुद्दा मांडणार?

पुतण्या म्हणाला, ‘काका, दुसऱ्या मेलवरून नवं चॅनल काढूया, कोण बघतंय.’ मी नको म्हटलं. चॅनल बंद झालेल्यानं नवं काढलं तर तीही बगलच ठरते, तेही बंद होतं आणि अपिलात माझ्याच विरुद्ध जातं.

म्हणून माझी मागणी अशी. आमची चॅनल नेमक्या कुठल्या चॅनलशी आणि कशाच्या आधारावर जोडली, ते कळवा. परवानग्यांच्या पानावर त्या मुलाची भूमिका ‘एडिटर’ आहे, मालक नाही, हे आपल्याच नोंदीत दिसेल, आणि त्याला दिलेल्या मजुरीच्या पावत्या मी जोडल्या आहेत. ते एखाद्या माणसानं बघून निर्णय द्यावा. वहिनींच्या चॅनलवर तर त्या मुलाला कधीच परवानगी नव्हती. ते केवळ माझ्या लॉगिनखाली होतं म्हणून गेलं, त्याचा निर्णय वेगळा आणि आधी द्यावा.

2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे या तक्रारीची पोच 24 तासांत मिळायला हवी. नियम 4(8) प्रमाणे आपण स्वतःहून काही बंद केलंत तर कारण सांगून मला बाजू मांडायची पुरेशी संधी द्यायला हवी, ती दोन ओळींत मिळालेली नाही. आपलं उत्तर पटलं नाही तर ते मिळाल्यापासून 30 दिवसांत मी सरकारच्या तक्रार अपील समितीकडे gac.gov.in वर जाणार आहे, तेव्हा उत्तरावर तारीख घालावी.

हंगाम सुरू आहे. गुळाचे रवे तयार होऊन पडलेत, आणि ऑर्डर देणारी माणसं ‘भाऊ, व्हिडिओ दिसत नाहीत, गुऱ्हाळ बंद केलं का?’ असं फोनवर विचारतायत.

आपला,
एक गुऱ्हाळचालक, तालुका करवीर, जिल्हा कोल्हापूर

सोबत : 11 आणि 14 नोव्हेंबरचे आपले मेल, मदत केंद्राच्या चॅटची प्रत, परवानग्यांच्या पानाचा स्क्रीनशॉट, त्या मुलाला दिलेल्या मजुरीच्या पावत्या.