पेपर काढायचा, पण किती गुणांचा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सत्र परीक्षांच्या प्रश्नपत्रिकांचा दर्जा घसरल्याबद्दल कालच्या अंकात आपण पेपर काढणाऱ्या शिक्षकांना जबाबदार धरले आहे. शिक्षकांच्या चुका होतात, त्या दाखवायलाही हव्यात; परंतु पेपर काढायला सांगताना शिक्षकाच्या हाती काय दिले जाते, याची चौकशी आपल्या वार्ताहराने केलेली दिसत नाही.

गेल्या वर्षी परीक्षा समितीकडून मला निरोप आला तो असा : ‘नववी बीजगणित, प्रथम सत्र, पेपर शनिवारपर्यंत पाठवावा.’ एवढेच. कोणती प्रकरणे घ्यायची, एकूण गुण किती, वेळ किती, सोप्या आणि कठीण प्रश्नांचे प्रमाण काय, यांतले काहीही त्यात नव्हते. मी फोन केला, तेव्हा ‘नेहमीसारखाच काढा’ असे उत्तर मिळाले.

नेहमीसारखा म्हणून मी दहावीच्या बीजगणिताचा आराखडा धरला : 40 गुण, दोन तास, म्हणजे एका गुणामागे तीन मिनिटे. त्यात पर्यायी प्रश्न धरले तर 40 गुणांच्या पेपरसाठी प्रत्यक्षात 60 गुणांचे प्रश्न काढावे लागतात, आणि ‘तिन्हींपैकी कोणतेही दोन’ असे लिहिताना ते तिन्ही प्रश्न एकाच तोलाचे आहेत का, हे पाहावे लागते. संच, वास्तव संख्या, बहुपदी आणि गुणोत्तर व प्रमाण ही चार प्रकरणे घेऊन मी संविधान तक्ता, म्हणजे कोणत्या प्रकरणाला आणि प्रश्नाला किती गुण याची मांडणी, केला. सोपे 16 गुण, मध्यम 16 आणि कठीण 8, अशी काठिण्यपातळी ठरवली. बहुपदीला 12 गुण दिले आणि त्यांतले 8 मुद्दाम चौथ्या प्रश्नात ठेवले, कारण शेष सिद्धांत व अवयव सिद्धांत मुलाला खरोखर कळला आहे का, हे एकेका गुणाच्या प्रश्नातून समजत नाही. पेपर स्वतः सोडवून पाहिला, नमुना उत्तरपत्रिका आणि गुणदान योजना जोडली, आणि वेळेवर पाठवला.

त्यानंतर समितीचे वेळापत्रक जाहीर झाले. त्यात बीजगणिताला दीड तास आणि 30 गुण होते. मला कोणी विचारले नाही. कोणीतरी पेपरच्या शेवटचे दोन प्रश्न, म्हणजे 8 गुणांचा चौथा आणि 3 गुणांचा पाचवा, काढून टाकले. उरलेल्या 29 गुणांत एक बहुपर्यायी प्रश्न घालून 30 पूर्ण केले. बेरीज जुळली, पण कठीण प्रश्नांचे सर्व 8 गुण गेले. 30 पैकी 17 गुण सोप्या प्रश्नांचे झाले आणि बहुपदीला जेमतेम 4 गुण उरले. सत्रभर ज्या प्रकरणाला आम्ही सर्वांत अधिक तासिका दिल्या, त्याची परीक्षा झालीच नाही. शिवाय तालुक्यातल्या काही शाळांत गुणोत्तर व प्रमाण शिकवून व्हायचे होते. त्या मुलांनी ते प्रश्न कोरे सोडले आणि त्यांच्या पालकांनी आम्हालाच जाब विचारला. परीक्षेपर्यंत झालेली प्रकरणे शाळांकडून आधी मागवून तीच यादी मला दिली असती, तर हे टळले असते.

दोन तासांचा पेपर दीड तासाचा करायचा असेल, तर खालून प्रश्न तोडून चालत नाही. तक्ता पुन्हा मांडावा लागतो : प्रत्येक प्रकरणाचा भारांश त्याच प्रमाणात कमी करायचा, आणि 30 गुणांतही सुमारे 6 गुण कठीण प्रश्नांसाठी राखायचे. अर्थात चौथ्या प्रश्नातला किमान एक उपप्रश्न ठेवून पहिल्या-दुसऱ्या प्रश्नातले सोपे उपप्रश्न कमी करायला हवे होते. मला सांगितले असते, तर हे काम मी एका संध्याकाळी करून दिले असते.

जाता जाता आणखी एक. छापण्यापूर्वी पेपरचे प्रूफ, काढणाऱ्याला दाखवण्याची पद्धत आता उरलेली नाही. टंकलेखनात वर्गमुळाची चिन्हे गळाली आणि ‘सोपे रूप द्या : √50 + √18’ हे उदाहरण ‘50 + 18’ असे छापले गेले. अपेक्षित उत्तर 8√2 होते. मुलांनी 68 लिहिले, आणि जे छापले होते त्याचे ते बरोबरच उत्तर होते. त्याला गुण द्यायचे की नाहीत, याचा खुलासा उत्तरपत्रिका तपासून होईपर्यंत आला नाही. काही शाळांनी पूर्ण गुण दिले, काहींनी शून्य.

द्वितीय सत्राचे निरोप लवकरच निघतील. प्रकरणे, एकूण गुण, वेळ आणि काठिण्यपातळी यांच्या चार ओळी त्या निरोपात असाव्यात, अशी मागणी आपल्या पत्रामार्फत परीक्षा समित्यांपर्यंत पोहोचावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक गणित शिक्षिका, जि. सातारा