सोळा नव्हे, नऊ

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या स्पर्धापरीक्षा पानावरचे सोलो प्रारूपाचे, म्हणजे बचतीतून भांडवल आणि उत्पादन कसे वाढते हे सांगणाऱ्या प्रारूपाचे, सोडवलेले उदाहरण चुकले आहे. माझ्या नातीने आदल्या रात्री वहीत 9 हे बरोबर उत्तर काढले होते. सकाळी तुमचे पान पाहून तिने त्यावर लाल काट मारली आणि शेजारी 16 लिहिले. ती काट पाहिल्यापासून मला चैन नाही.

उदाहरणात बचतदर 24 टक्के, घसारा 6 टक्के, कामगारसंख्येची वाढ 2 टक्के होती. एका कामगारामागचे उत्पादन म्हणजे त्याच्यामागच्या भांडवलाचे वर्गमूळ, दोन्ही लाखांत. विचारले होते स्थिर स्थितीतले भांडवल, म्हणजे एका कामगारामागे किती लाख असले की ते वर्षानुवर्षे तेवढेच राहते. तुमच्या लेखकाने 0.24 ला नुसत्या 0.06 ने भागून 4 आणि त्याचा वर्ग 16 काढला. वाढीचे 2 टक्के प्रश्नात छापले आणि उत्तरात विसरले.

असे उत्तर एक वर्ष पुढे चालवून पाहावे, चूक लगेच उघडी पडते. 100 कामगार, प्रत्येकामागे 16 लाख, म्हणजे एकूण 1600. उत्पादन 400, बचत 96, घसाराही 96. एकूण भांडवल 1600 च राहिले, पण कामगार झाले 102. प्रत्येकाच्या वाट्याला आले 15.69. मग ही स्थिर स्थिती कशी?

आता 9 घ्या. एकूण 900, उत्पादन 300, बचत 72. त्यातले 54 घसाऱ्यात गेले, उरले 18. 918 ला 102 ने भागा, पुन्हा 9 च येतात. हे 18 लाख नव्या दोघांच्या हातात अवजार देण्यासाठी असतात, म्हणून छेदात घसारा आणि वाढ यांची बेरीज लागते.

अमळनेरला शिकवत असताना चोपड्याकडच्या एका मुलाने मला हे स्वतःच्या घरावरून सांगितले होते. दोन भाऊ, दोन बैलजोड्या. तिसरा भाऊ हाताशी आला त्या वर्षी सगळी शिल्लक थकलेली जोडी बदलण्यात गेली. घरात जोड्या दोनच राहिल्या आणि तिसरा भाऊ पेरणीच्या दिवसांत बांधावर बसून होता. "सर, आमचं काहीच कमी झालं नव्हतं, तरी कमी पडलं," असे तो म्हणाला. त्यानंतर दरवर्षी मी हा धडा त्याच्या बैलजोड्यांपासूनच सुरू केला.

आणखी एक. तुमच्या छपाईत घातांक खाली उतरून अक्षराला चिकटतो. वर्ग होता की दोनने गुणायचे होते, हे मुलांनी कसे ओळखावे? दुरुस्ती छापाल तेव्हा s बचतदर, n कामगारसंख्येची वाढ, δ घसारा आणि k* स्थिर स्थितीतले एका कामगारामागचे भांडवल धरून सूत्र कृपया असे छापा:

k* = (s/(n+δ))^2

आणि ती त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरांत छापा. नातीची वही मी अजून तिला परत दिलेली नाही.

आपला,
अर्थशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक, अमळनेर